डावी बाजू, उजवी बाजू आणि मधली कारणं

फोटोत दहावीच्या कृतिपत्रिकेचं जेमतेम अर्धं पान आलं होतं. कागद घडी घालून दप्तरात ठेवलेला, त्यामुळे मधोमध एक आडवी सुरकुती, आणि वरच्या बाजूला फोटो काढणाऱ्या हाताची सावली. भाचीने खाली लिहिलं होतं, ‘मावशी, तिसरं बघ ना. सिद्ध करा म्हटलंय, पण जमत नाहीये.’ तिसरं उदाहरण वाचलं ते असं:

√[(1 − sin θ)/(1 + sin θ)] = sec θ − tan θ

वाचलं म्हणण्यापेक्षा अंदाज केला म्हणणं जास्त बरोबर. वर्गमूळाच्या चिन्हाची आडवी रेघ संपूर्ण अपूर्णांकावर आहे की फक्त अंशावर, हे सावलीमुळे कळत नव्हतं. उजव्या बाजूला sec θ आणि tan θ यांच्यामधून नेमकी सुरकुती गेलेली, म्हणून तिथे अधिक आहे की उणे, याची खात्री नव्हती. अशा वेळी बहुतेक मुलं जे दिसतं ते खरं मानून सोडवायला बसतात, आणि दोन पानं खर्ची पडल्यावर चिन्हच चुकीचं उतरवल्याचं लक्षात येतं. फोटोवरून उदाहरण सोडवायचं असेल, तर सिद्धतेला हात घालण्याआधी विधान नीट उतरलंय का ते तपासावं लागतं. त्यासाठी θ ला एखादी ओळखीची किंमत देऊन पाहणं पुरेसं असतं.

३०° घेऊ. sin 30° म्हणजे अर्धा. रेघ संपूर्ण अपूर्णांकावर असेल, तर आत राहतं ०.५ भागिले १.५, म्हणजे एक तृतीयांश, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे ०.५७७. रेघ फक्त अंशावर असेल, तर ०.५ चं वर्गमूळ ०.७०७ आणि त्याला १.५ ने भागल्यावर ०.४७१. आता उजवीकडे पाहू. sec 30° सुमारे १.१५५ आणि tan 30° सुमारे ०.५७७. वजाबाकी केली तर ०.५७७ येते, बेरीज केली तर १.७३२. चारपैकी एकच जोडी जुळते: रेघ संपूर्ण अपूर्णांकावर आणि मध्ये उणे चिन्ह. फोटो पुन्हा मागवावा लागला नाही.

अशी तपासणी करताना ०° घेण्याचा मोह होतो, कारण त्याच्या किमती तोंडपाठ असतात. इथे मात्र ०° काहीच सांगत नाही. sin 0° आणि tan 0° दोन्ही शून्य असल्याने रेघ कुठेही असो, चिन्ह कुठलंही असो, दोन्ही बाजू १ च येतात. म्हणून तपासणीसाठी ३०° किंवा ६०° घ्यावा. शिवाय अशा तपासणीने चुकीचं विधान बाद करता येतं, बरोबर विधान सिद्ध करता येत नाही. sin θ + cos θ = 1 हे ०° ला खरं आहे आणि ९०° लाही खरं आहे, पण ४५° ला डावी बाजू १.४१४ येते. नित्यसमानता म्हणजे θ ची जी जी किंमत चालते, त्या प्रत्येक किमतीला खरी ठरणारी समानता. कितीही कोन तपासले तरी त्यातून ‘प्रत्येक’ हा शब्द हाती येत नाही. त्यासाठी सिद्धताच लागते.

भाचीने स्वतः एक प्रयत्न करून पाठवला होता. तो असा होता: दोन्ही बाजूंचा वर्ग केला, वर्गमूळ गेलं. उजव्या बाजूच्या वर्गात sec आणि tan ऐवजी sin आणि cos लिहिले, तिरका गुणाकार केला, थोडी आवराआवर केली आणि शेवटी दोन्हीकडे सारखंच आलं. खाली लिहिलं होतं, ‘म्हणून सिद्ध झालं.’ तिची तक्रार एवढीच होती की शिक्षकांनी याला गुण दिले नाहीत आणि ‘एकाच बाजूवर काम कर’ असा शेरा मारला. तिने विचारलं, ‘उत्तर तर बरोबर आलंय ना मावशी? मग दोन्ही बाजूंवर केलं तर काय बिघडलं?’

प्रश्न रास्त आहे, आणि ‘पद्धत तशी आहे’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. बिघडतं ते असं. दोन्ही बाजूंचा वर्ग करताना आपण पहिल्याच ओळीत त्या बाजू समान मानलेल्या असतात. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरून आपण पुढे निघतो, आणि शेवटी एका खऱ्या विधानाशी येऊन पोचतो. पण खोट्या विधानापासून निघूनही खऱ्या विधानाशी पोचता येतं. ३ = −३ हे लिहा आणि दोन्ही बाजूंचा वर्ग करा: ९ = ९. शेवटची ओळ निर्विवाद खरी, पण पहिली ओळ त्यामुळे खरी झाली नाही. वर्ग करताना ऋण चिन्ह नाहीसं होतं, आणि एकदा गेलेलं चिन्ह शेवटच्या ओळीवरून परत ओळखता येत नाही.

एकाच बाजूवर काम करण्याचं कारण हे आहे. डावी बाजू घ्यायची, तिचं रूप एकेक पायरीने बदलत न्यायचं, किंमत मात्र कुठेही बदलू द्यायची नाही. प्रत्येक ओळीतलं बरोबरचं चिन्ह वरच्या ओळीशी जोडलेलं असतं, आणि ते का खरं आहे याचं कारण शेजारी कंसात लिहायचं. शेवटच्या ओळीत उजवी बाजू आली की काम संपलं, कारण वाटेत कुठेही ती आपण मानलेली नसते.

बाजू कुठली घ्यायची? साधारणपणे जिच्यात जास्त गुंता आहे ती. गुंता सोडवणं सोपं, मुद्दाम निर्माण करणं अवघड. इथे डावीकडे वर्गमूळ आहे, अपूर्णांक आहे. उजवीकडे दोन सुटी पदं आहेत. उजवीकडून निघालो तर एका टप्प्यावर आपणहून वर्गमूळ आणावं लागेल, आणि ते का आणलं हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळणार नाही. म्हणून डावी बाजू. पण डावीकडून निघताना उजवीकडे नजर टाकायला बंदी नाही. कच्च्या कामात उजवी बाजू उलगडून बघावी. sec θ म्हणजे 1/cos θ आणि tan θ म्हणजे sin θ/cos θ, तेव्हा त्यांची वजाबाकी (1 − sin θ)/cos θ होते. म्हणजे आपल्याला पोचायचंय ते अशा अपूर्णांकाशी, ज्याच्या अंशात 1 − sin θ आहे आणि छेदात cos θ. एवढं कळलं की पहिली पायरी आपोआप सुचते.

वर्गमूळाच्या आत अंशात 1 − sin θ आहेच. त्याचा वर्ग झाला तर तो वर्गमूळातून बाहेर येईल. म्हणून अंश आणि छेद दोन्हींना 1 − sin θ ने गुणायचं. नववीत करणींच्या धड्यात छेदाचं परिमेयीकरण करताना छेदाच्या अनुबद्ध पदाने गुणतात, त्याच जातीची ही युक्ती आहे. आता वहीत उतरवू.

डावी बाजू = √[(1 − sin θ)/(1 + sin θ)]

= √[(1 − sin θ)(1 − sin θ) / (1 + sin θ)(1 − sin θ)]
(कारण: अंश व छेद यांना एकाच शून्येतर संख्येने गुणलं)

= √[(1 − sin θ)² / (1 − sin² θ)]
(कारण: (a + b)(a − b) = a² − b²)

= √[(1 − sin θ)² / cos² θ]
(कारण: sin² θ + cos² θ = 1)

= (1 − sin θ)/cos θ
(कारण: 1 − sin θ आणि cos θ दोन्ही धन आहेत)

= 1/cos θ − sin θ/cos θ
(कारण: छेद समान, अंशातली पदं वेगळी केली)

= sec θ − tan θ
(कारण: sec θ आणि tan θ यांच्या व्याख्या)

= उजवी बाजू

सिद्धता इतकीच. बहुतेक वह्यांमध्ये हे सगळं असतं, पण कंसातल्या ओळी नसतात. माझ्या मते खरं गणित त्या कंसांत आहे, म्हणून त्यातल्या तिघांपाशी थोडं थांबते.

पहिल्या कारणात ‘शून्येतर’ हा शब्द आहे. अंश आणि छेदाला एकाच संख्येने गुणलं तर अपूर्णांकाची किंमत तीच राहते, पण ती संख्या शून्य नसेल तरच. 1 − sin θ शून्य कधी होतं? sin θ ची किंमत १ झाली तर, म्हणजे ९०° ला. त्या कोनाला cos शून्य असल्याने उजवीकडच्या sec आणि tan यांना किंमतच नाही. तेव्हा ९०° आधीच बाहेर आहे आणि ही पायरी निर्धोक आहे.

sin² θ + cos² θ = 1 हे सूत्र मुलं पाठ करतात, पण त्याचंही कारण आहे आणि ते एका ओळीत सांगता येतं. काटकोन त्रिकोणात समोरच्या बाजूचा वर्ग अधिक लगतच्या बाजूचा वर्ग म्हणजे कर्णाचा वर्ग, हे पायथागोरसचं प्रमेय. सगळ्याला कर्णाच्या वर्गाने भागा: समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे sin, लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे cos, आणि उजवीकडे राहतो १. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषगणितात हाच संबंध भुजज्या, कोटिज्या आणि त्रिज्या यांच्या वर्गांचा म्हणून येतो. तिथे त्रिज्येने भागलेलं नसतं, म्हणून १ च्या जागी त्रिज्येचा वर्ग राहतो.

आता पाचवी ओळ, जिथे वर्गमूळ जातं. ‘वर्गाचं वर्गमूळ म्हणजे ती संख्या’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. √ या चिन्हाचा अर्थ ऋण नसलेलं वर्गमूळ. √९ म्हणजे ३, आणि (−३) च्या वर्गाचं वर्गमूळसुद्धा ३, उणे ३ नव्हे. म्हणून √(cos² θ) च्या जागी cos θ लिहायचं, तर cos θ ऋण नाही हे आधी माहीत हवं. 1 − sin θ ची काळजी नाही. Sin कधीच १ पेक्षा मोठा होत नाही, त्यामुळे ते ऋण होत नाही. cos θ ची गोष्ट वेगळी. कोन लघुकोन असेपर्यंत तो धन असतो, ९०° ओलांडले की ऋण होतो.

१२०° घेऊन पाहा. sin 120° सुमारे ०.८६६. डावीकडे ०.१३४ भागिले १.८६६, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे ०.२६८. उजवीकडे sec 120° म्हणजे −२ आणि tan 120° म्हणजे सुमारे −१.७३२, त्यांची वजाबाकी −०.२६८. आकडा तोच, चिन्ह उलट. म्हणजे १२०° ला ही समानता चक्क खोटी आहे. आणि भाचीची दोन्ही बाजूंचा वर्ग करण्याची पद्धत १२०° लाही बिनतक्रार चालते. तिथेही शेवटी दोन्हीकडे सारखंच येतं. तिच्या पद्धतीला खोटं विधान आणि खरं विधान यांतला फरक ओळखताच येत नाही. शिक्षकांनी गुण का कापले, याचं उत्तर या एका कोनात आहे.

पाचव्या ओळीचं कारण लिहायला घेतलं तेव्हा मला फोटोत नसलेली एक गोष्ट हवी होती. cos θ धन आहे हे कशावरून? त्या अर्ध्या पानावर तर तसं काही नव्हतं. मी भाचीला पूर्ण पानाचा फोटो पाठवायला सांगितलं. पानाच्या अगदी वर, जिथे आधीच्या फोटोची कड संपत होती त्याच्या वर, बारीक अक्षरात सूचना होती: ‘सर्व उदाहरणांत θ हा लघुकोन आहे.’ ती ओळ निरर्थक समजून तिने फोटोतून वगळली होती. प्रत्यक्षात तिच्याविना तिसरं उदाहरण सिद्धच होत नाही. दहावीच्या पाठ्यपुस्तकात त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणातून शिकवतात, तिथे लघुकोन गृहीतच असतो आणि अशी सूचना वाचायची सवय राहत नाही. अकरावीत कोन मोठे होतात, ऋणही होतात, आणि मग √(cos² θ) च्या जागी cos θ चं केवलमूल्य लिहावं लागतं. ज्यांनी दहावीत या ओळीपुढे कारण लिहिलं नाही, त्यांना तिथे अडखळायला होतं.

भाचीच्या सिद्धतेला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. दोन्ही बाजू धन आहेत हे आधी दाखवलं, तर वर्ग करणं उलट्या दिशेनेही चालतं: दोन धन संख्यांचे वर्ग समान असतील तर त्या संख्याही समान असतात. डावी बाजू वर्गमूळ असल्याने प्रश्न नाही. उजवीकडे sec θ म्हणजे कर्ण भागिले लगतची बाजू आणि tan θ म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची बाजू. कर्ण ही सगळ्यांत मोठी बाजू, म्हणून लघुकोनासाठी वजाबाकी धनच. एवढं एक वाक्य तिने लिहिलं असतं आणि ओळी खालून वर मांडल्या असत्या, तर तिची सिद्धता गणिती दृष्टीने पक्की ठरली असती. तसंच, दोन्ही बाजू वेगवेगळ्या सोडवून दोन्हीकडे (1 − sin θ)/cos θ येतं हे दाखवणंही योग्यच आहे, कारण त्यात एका बाजूचा दुसरीशी व्यवहार होत नाही. चालत नाही ते एवढंच: जे सिद्ध करायचं ती समानता पहिल्या ओळीत लिहून तिच्या दोन्ही बाजूंना एकदम गुणणं, भागणं किंवा वर्ग करणं, आणि त्या पायऱ्या उलट फिरतात का हे न पाहणं.

कारणं लिहिण्याचा आणखी एक फायदा रोजच्या चुकांमध्ये दिसतो. (1 − sin θ)/(1 + sin θ) मधला वरचा आणि खालचा sin θ काटून टाकणारी मुलं पुष्कळ असतात. त्या ओळीपुढे कारण काय लिहिणार? काटता येतो तो अवयव, म्हणजे गुणाकारात असलेलं पद. बेरीज-वजाबाकीतलं पद काटायला कुठलंच सूत्र नाही, त्यामुळे कंस रिकामा राहतो. √(1 − sin² θ) चं 1 − sin θ करणाऱ्यांचंही तेच होतं. वजाबाकीच्या वर्गमूळाचे दोन तुकडे करता येत नाहीत. २५ − ९ म्हणजे १६, त्याचं वर्गमूळ ४, आणि ५ − ३ मात्र २. कारणाचा कंस रिकामा राहिला, की चूक त्याच ओळीत आहे असं समजावं. उत्तर शेवटी जुळलं असलं तरीही, कारण दोन चुका एकमेकींना झाकून उत्तर जुळवू शकतात.

भाचीने सगळं पुन्हा लिहून पाठवलं तेव्हा तिच्या पाचव्या ओळीपुढे कंसात ‘θ लघुकोन, म्हणून cos θ > 0’ असं होतं. माझ्या ओळीपेक्षा तिची ओळ जास्त नेमकी आहे, कारण धन का हेही तिने सांगितलं. परीक्षेत तशीच लिहावी.

मुलांना गणितात मदत करणाऱ्या आईबाबांना, काका-मावश्यांना एक विनंती. उदाहरणाचा फोटो मागाल तेव्हा संपूर्ण पानाचा मागा, वरच्या सूचनेसकट. आणि सिद्धता तपासताना शेवटची ओळ आधी पाहू नका. जिथे वर्गमूळ गेलं, जिथे काही काटलं आणि जिथे कशाने तरी गुणलं-भागलं, त्या ओळींवर बोट ठेवून ‘हे कशावरून?’ एवढंच विचारा.